सरासरीवरून हरवलेले गुण शोधताना आधी बेरीज उभी करा

सांगलीत शिष्यवृत्तीच्या वर्गांना डिसेंबर-जानेवारीत सराव चाचण्यांचा धडाका लागतो. दर आठवड्याला एक पेपर, लगेच तपासणी, गुण वहीत. त्या वह्या मुलांच्या दप्तरात फिरतात, पाण्याच्या बाटलीखाली भिजतात, शाईच्या पेनानं लिहिलेला आकडा पसरतो. मग पालक विचारतात, "बाई, चौथ्या चाचणीचं काहीच वाचता येईना. खाली सरासरी लिहिलीय तेवढी दिसतीय. त्यावरनं काढता येईल का?"

येतं. सरासरी किती चाचण्यांची आहे हे ठाऊक असेल आणि हरवलेला आकडा एकच असेल, तर नक्की येतं. हाच प्रश्न पेपरातही गणित म्हणून विचारला जातो. पण छापील प्रश्नात सरासरी तंतोतंत दिलेली असते. वहीतल्या सरासरीवर कोणीतरी आधीच हात फिरवलेला असतो, दशांश सोडलेले असतात, गैरहजेरी धरलेली किंवा गाळलेली असते. म्हणून मी दोन्ही सांगते: आधी रीत, आणि मग ती प्रत्यक्ष वहीवर वापरताना काय तपासायचं ते.

हातात काय आहे

गावभागातल्या एका मुलीच्या वहीचं उदाहरण घेऊ. शिष्यवृत्तीच्या पहिल्या पेपराच्या सहा सराव चाचण्या, प्रत्येक १५० गुणांची. वहीत असं दिसतं:

पहिली ९६, दुसरी १०४, तिसरी ८८, चौथी पुसलेली, पाचवी ११२, सहावी ११०. खाली: सरासरी १०३.

आकडेमोडीला हात घालण्याआधी एक गोष्ट कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवायची. या पेपरात ७५ प्रश्न असतात, प्रत्येकाला २ गुण. प्रश्न बरोबर आला तर पूर्ण २, नाहीतर शून्य, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. म्हणजे या पेपराचे गुण कायम सम संख्येतच येणार. वहीतले पाचही आकडे पाहा, सगळे सम आहेत. हरवलेला आकडाही ० ते १५० मधलाच आणि समच असला पाहिजे. हे पुढे फार उपयोगी पडणार आहे.

पायरी पहिली: सरासरीतून एकूण बेरीज

सरासरी म्हणजे सगळ्या गुणांची बेरीज भागिले चाचण्यांची संख्या. ती भागाकारातून आली, तर गुणाकारानं परत जाता येतं.

एकूण बेरीज = सरासरी × चाचण्यांची संख्या
= १०३ × ६
= ६१८

या पायरीवर मी थांबते आणि मुलांना विचारते, हे ६१८ कशाचे? पटकन हात वर होत नाहीत. कारण ६१८ हा आकडा वहीत कुठेच लिहिलेला नाही. असं समजा की सहा मैत्रिणींनी सहलीसाठी वेगवेगळी रक्कम काढली, सगळे पैसे एका डब्यात टाकले, सहल रद्द झाली आणि डब्यातले पैसे सहा जणींत सारखे वाटले. प्रत्येकीला १०३ रुपये मिळाले. डब्यात किती होते? ६१८. कोणी किती टाकले होते हे वाटणीनंतर कळत नाही, पण डब्यातली रक्कम नक्की कळते. पाच जणींनी आपापली रक्कम सांगितली, तर सहावीची आपोआप उघड होते.

संख्या ६ घ्यायची, ५ नाही. पुसलेला आकडा दिसत नसला तरी सरासरी काढताना तो मोजलेला होता. बहुतेक चुका इथेच होतात, म्हणून त्याकडे थोड्या वेळानं वेगळं येते.

पायरी दुसरी: दिसणाऱ्या गुणांची बेरीज

९६ + १०४ = २००
२०० + ८८ = २८८
२८८ + ११२ = ४००
४०० + ११० = ५१०

बेरीज टप्प्याटप्प्यानं लिहा. नंतर शंका आली तर कुठल्या ओळीत घसरलो ते दिसतं.

पायरी तिसरी: वजाबाकी

६१८ − ५१० = १०८

चौथ्या चाचणीचे गुण १०८. आकडा सम आहे, १५० च्या आत आहे, आणि मुलीच्या इतर गुणांच्या जवळपासचा आहे.

पायरी चौथी: पडताळा, पण दुसऱ्या वाटेनं

बहुतेक पुस्तकं सांगतात की सहा आकडे मिळवा, ६ ने भागा, १०३ आले की उत्तर बरोबर. ते करायलाच हवं. पण पहिल्या बेरजेत चूक झाली असेल तर तीच बेरीज पुन्हा करताना तीच चूक पुन्हा होते. ५१० ऐवजी ५२० लिहिलेलं मूल पडताळ्यातही ५२० च पुढे नेतं आणि सगळं जुळलं म्हणून खूश होतं. म्हणून मी फरकाच्या रीतीनं पडताळा घेते. प्रत्येक गुण सरासरीपेक्षा किती कमी किंवा जास्त ते पाहायचं:

९६ हे १०३ पेक्षा ७ ने कमी.
१०४ हे १ ने जास्त.
८८ हे १५ ने कमी.
११२ हे ९ ने जास्त.
११० हे ७ ने जास्त.

कमी पडलेले ७ आणि १५ मिळून २२. जास्त झालेले १, ९ आणि ७ मिळून १७. सरासरीच्या खाली आणि वर जेवढं असतं ते बरोबरीत यावंच लागतं. इथं वरच्या बाजूला ५ कमी आहेत, म्हणजे हरवलेला आकडा सरासरीपेक्षा ५ ने जास्त. १०३ + ५ = १०८. मोठी बेरीज न करता दुसऱ्या वाटेनं आलो आणि त्याच ठिकाणी पोहोचलो. आता खात्री धरायला हरकत नाही.

पाचने गुणलं तर काय होतं

पाच आकडे डोळ्यांसमोर दिसतात, म्हणून मुलं १०३ × ५ = ५१५ करतात, त्यातून ५१० वजा करतात आणि उत्तर लिहितात ५. "बाई, तिला पाच गुण पडले?" १५० पैकी ५, तेही ८८ च्या खाली कधी न गेलेल्या मुलीला. शिवाय विषम. कोपऱ्यात लिहून ठेवलेली अट इथंच ओरडून सांगते की काहीतरी चुकलंय.

पण हा ५ कुठून आला ते पाहण्यासारखं आहे. आत्ताच फरकाच्या रीतीत जो ५ आला, तोच हा. पाच चाचण्यांत प्रत्येकी १०३ पडले असते तर ५१५ झाले असते, प्रत्यक्षात ५१० आहेत, म्हणजे पाच चाचण्या मिळून ५ गुणांनी मागे आहेत. ती तूट हरवलेल्या चाचणीनं भरून काढली. त्यामुळे ५ हे त्या चाचणीचे गुण नव्हेत, सरासरीच्या वर असलेले गुण आहेत. मूल ५ वर अडकलं असेल तर खोडायला लावू नका. त्यात सरासरीचे १०३ मिळवायला सांगा. उत्तर येतं, आणि पाचने गुणणं का अपुरं पडलं हेही कळतं.

सरासरी खरंच १०३ आहे का?

इथपर्यंतचं छापील गणिताला पुरतं. वहीच्या बाबतीत खरी अडचण इथून पुढे. ज्यानं सरासरी लिहिली त्यानं भागाकार पूर्ण केला होता, की पूर्णांकात बसवला होता?

समजा त्याच मुलीची सरासरी वहीत १०३.३ अशी आहे. गुणाकार करा: १०३.३ × ६ = ६१९.८. गुणांची बेरीज अपूर्णांकात येऊ शकत नाही. याचा अर्थ रीत चुकली असा नाही. दशांशातले पुढचे आकडे सोडलेले आहेत एवढंच. १०३.३ असं लिहिलं जातं तेव्हा खरी सरासरी १०३.२५ पासून १०३.३५ च्या आतपर्यंत कुठेही असू शकते. दोन्ही टोकांना ६ ने गुणा:

१०३.२५ × ६ = ६१९.५
१०३.३५ × ६ = ६२०.१

या दोहोंमध्ये पूर्ण संख्या एकच, ६२०. म्हणून बेरीज ६२०, आणि हरवलेले गुण ६२० − ५१० = ११०. उलट तपासा: ६२० ÷ ६ = १०३.३३, लिहिताना १०३.३. जुळलं.

आता तीच सरासरी कोणी जवळच्या पूर्णांकात बसवून नुसती १०३ लिहिली असेल तर? खरी सरासरी १०२.५ पासून १०३.५ च्या आतपर्यंत.

१०२.५ × ६ = ६१५
१०३.५ × ६ = ६२१

बेरीज ६१५ पासून ६२० पर्यंत काहीही असू शकते, म्हणून हरवलेला आकडा १०५ ते ११० मधला. आपल्याकडे सम संख्येची अट आहे म्हणून १०५, १०७, १०९ गळतात. तरी १०६, १०८ आणि ११० असे तीन उरतात. तिघांपैकी कोणताही घालून सरासरी काढा: १०२.६७, १०३.००, १०३.३३. पूर्णांकात तिन्ही १०३ च. त्यामुळे नुसत्या १०३ वरून १०८ हे ठाम उत्तर देता येत नाही, सरासरी तंतोतंत आहे हे माहीत असेल तरच देता येतं.

काही जण पूर्णांकात बसवत नाहीत, दशांश नुसते तोडून टाकतात. १०३.६७ असले तरी १०३ लिहितात. तसं असेल तर सरासरी १०३ पासून १०४ च्या आतपर्यंत, बेरीज ६१८ ते ६२३, आणि सम उत्तरं १०८, ११०, ११२. पुन्हा तीन, पण वेगळे तीन. म्हणून वही लिहिणाऱ्याची सवय कळली पाहिजे. त्याच वहीतल्या दुसऱ्या मुलाचे, ज्याचे सगळे आकडे दिसतात त्याचे, गुण घ्या, स्वतः सरासरी काढा आणि वहीत काय लिहिलंय ते पाहा. अशा दोन-तीन नोंदींवरून सवय उघडी पडते.

किती दशांश असले म्हणजे उत्तर एकच येईल, याचा अंदाज आधीच घेता येतो. सरासरीत जितकी ढिलाई आहे तिला चाचण्यांच्या संख्येनं गुणा. एक दशांश स्थळ असेल तर ढिलाई ०.१, सहा चाचण्यांना ०.६. ही एकापेक्षा कमी आहे, म्हणून पूर्ण गुणांची बेरीज एकच बसते. पूर्णांकातल्या सरासरीची ढिलाई १, सहा चाचण्यांना ६, म्हणून वर सहा बेरजा मिळाल्या. शाळेच्या घटक चाचणीत अर्धे गुण देत असतील तर बेरीज अर्ध्या-अर्ध्यानं सरकते, तिथं ०.६ ची ढिलाई पुरेशी बारीक नाही, कधी कधी दोन उत्तरं निघतात. दोन दशांश स्थळं मिळाली तर तीही अडचण उरत नाही.

म्हणून जे शिक्षक वही लिहितात त्यांना माझी विनंती आहे: सरासरी लिहाल तेव्हा निदान एक दशांश स्थळ लिहा. आणि जमलं तर शेजारी एकूण बेरीजच लिहा, मग हा सगळा खटाटोपच लागणार नाही.

उत्तर संशयास्पद कधी वाटावं

गैरहजेरीच्या दोन खुणा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. आपल्या मुलीची सरासरी वहीत १०२ असती तर? १०२ × ६ = ६१२, वजा ५१०, उत्तर १०२. हरवलेले गुण बरोबर सरासरीइतकेच आले. असं घडू शकतं, पण ते दिसलं की मी सावध होते. ५१० ला ५ ने भागा: १०२. म्हणजे लिहिणाऱ्यानं पाच चाचण्यांचीच सरासरी काढली असण्याची शक्यता मोठी आहे. चौथ्या दिवशी मुलगी आलीच नव्हती, आणि पुसलेल्या जागी गुण नव्हते, गैरहजेरीचं चिन्ह होतं. हरवलेला आकडा पाचांच्या सरासरीएवढा आला की आधी हजेरीपट काढा.

दुसरी खूण उलटी. वहीत सरासरी ८५ असेल तर ८५ × ६ = ५१०, आणि हरवलेले गुण शून्य. पाच चाचण्यांत ८८ च्या खाली न गेलेली मुलगी एकदम शून्यावर येत नाही. तिथं गैरहजेरीला शून्य धरून सहानं भागलेलं आहे.

गुण एक्सेलमध्ये ठेवत असाल तर हा फरक आपोआप होतो. AVERAGE हे सूत्र रिकामी चौकट गाळतं, तिथं "गैरहजर" असं अक्षरांत लिहिलं तरी गाळतं, पण ० टाकलं तर मोजतं. म्हणजे तीच मुलगी, तेच गुण, आणि चौकट रिकामी की शून्य यावर सरासरी १०२ की ८५ ठरते.

उत्तर १५० च्या वर किंवा शून्याच्या खाली आलं, तर रीतीवर शंका घेऊ नका, वाचलेल्या आकड्यांवर घ्या. आणि त्यातही आधी सरासरीवर. कारण दिसणाऱ्या गुणांपैकी एखादा १० ने चुकीचा वाचला तर उत्तर १० नेच हुकतं. सरासरी मात्र सहापट होऊन येते. पसरलेल्या शाईत १०३ चे १०८ वाचले, तर बेरीज ६४८ होते आणि हरवलेले गुण १३८ येतात. पाचाची चूक तीस होऊन बसली. आकडा सम आहे, १५० च्या आत आहे, दोन्ही चाळण्यांतून तो सुटतो. तिला सहसा इतके पडत नाहीत ही जाणच तिथं उपयोगी पडते. म्हणून सरासरीचा आकडा उजेडात धरून दोनदा वाचा, शक्यतो दुसऱ्या कोणाकडून एकदा वाचून घ्या.

आणखी एक गोष्ट. सहाही चाचण्या समान गुणांच्या आहेत ना, ते पाहा. एखादी चाचणी १०० पैकी आणि बाकीच्या १५० पैकी असतील, आणि सरासरी टक्क्यांची असेल, तर आधी सगळे दिसणारे गुण टक्क्यांत करा, हरवलेली टक्केवारी काढा आणि शेवटी तिचे गुण करा. गुण आणि टक्के एकाच बेरजेत मिसळले की उत्तर येतं, पण ते कशाचंच नसतं.

एक्सेलमध्ये करायचं असेल तर

सहा चाचण्यांचे गुण B2 ते B7 मध्ये, हरवलेली चौकट रिकामी, वहीतली सरासरी B9 मध्ये. मग B10 मध्ये:

```
=6*B9-SUM(B2:B7)
```

सूत्र हरवलेल्या चौकटीतच लिहू नका. SUM त्याच चौकटीला मोजायला जातं आणि एक्सेल चक्राकार संदर्भाची तक्रार करतं. आणि सरासरी मूळ फाइलमधूनच मिळत असेल तर चौकटीत दिसणाऱ्या आकड्यावर जाऊ नका. चौकट फक्त १०३ दाखवायला बसवलेली असू शकते. तिच्यावर क्लिक करून Increase Decimal ने दशांश स्थळं वाढवून पाहा. तिथं 103.333333 असं निघालं तर ६ ने गुणून बेरीज ६२० ठरते.

गुणच माहीत नसतील, दोन सरासऱ्या असतील तर

पेपरात हाच प्रश्न असाही येतो: पाच चाचण्यांची सरासरी १०२ होती, सहावी दिल्यावर ती १०३ झाली, तर सहाव्या चाचणीत किती गुण? इथं एकही सुटा गुण दिलेला नाही, म्हणून मुलं घाबरतात. पण बेरीज दोनदा उभी करायची एवढंच: सहांची ६१८, पाचांची ५१०, फरक १०८. "सरासरी १ नं वाढली म्हणजे १०२ + १ = १०३" असं उत्तर देणारी मुलं दर वर्षी भेटतात. त्यांना विचारा, नव्या चाचणीत १०३ च पडले असते तर सरासरी कितीनं वाढली असती? ६१३ ÷ ६ = १०२.१७. एकानं वाढवायला सहाही चाचण्यांना एकेक गुण पुरवावा लागतो, म्हणजे १०२ च्या वर आणखी ६.

दोन आकडे पुसले असतील तर

चौथीबरोबर पाचवीही वाचता येत नसेल, तर उरलेल्या चारांची बेरीज ९६ + १०४ + ८८ + ११० = ३९८. एकूण ६१८ मधून ती वजा केली की २२० उरतात, आणि ते दोन्ही चाचण्यांचे मिळून. प्रत्येक सम आणि १५० पर्यंत, म्हणून चौथीत ७० पासून १५० पर्यंत कोणताही सम आकडा चालेल, पाचवी त्यानुसार ठरेल. अशा एकेचाळीस जोड्या बसतात. त्यातली खरी कोणती हे सरासरी सांगू शकत नाही. तिथं तपासलेली उत्तरपत्रिकाच शोधावी लागते, आणि तोपर्यंत वहीत दोन्ही चाचण्यांसमोर कंस करून "मिळून २२०" एवढंच पेन्सिलनं लिहावं.